ओळखपत्राच्या छायाचित्रातील चिकटवलेला कोट

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात पासपोर्ट आकाराचे छायाचित्र काढणे हा फोटो स्टुडिओंचा रोजचा व्यवसाय आहे, कारण आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांचे व्हिसाचे अर्ज, परीक्षांचे अर्ज, पॅन कार्ड, बँकेचे खाते आणि माणकोली परिसरातील गोदामांत लागणारी कामगारांची ओळखपत्रे अशा अनेक कारणांसाठी ते लागते. हे छायाचित्र काढायला येणारा माणूस अनेकदा पाळी संपवून थेट आलेला असतो आणि त्याच्या अंगावर घामाने भिजलेला टी-शर्ट किंवा नुसते बनियन असते. अशा वेळी संगणकावर तयार ठेवलेल्या कोट-टायच्या चित्रांपैकी एखादे त्याच्या मानेखाली बसवून देण्याची सोय स्टुडिओत सहज उपलब्ध असते. या प्रथेच्या मागची इच्छा समजून घेण्यासारखी आहे. सरकारी कागदावर आपण नीटनेटके आणि प्रतिष्ठित दिसावे असे कष्टकरी माणसाला वाटते, आणि पूर्वी याच इच्छेपोटी स्टुडिओच्या खुंटीवर एक खरा कोट व बांधलेला टाय टांगून ठेवलेला असे. त्या कोटात आणि आजच्या कोटात मात्र मूलभूत फरक आहे. खुंटीवरचा कोट माणूस अंगावर घालत असे आणि कॅमेरा त्याला तसाच टिपत असे, तर संगणकातील कोट कॅमेऱ्याने कधी पाहिलेलाच नसतो.

हा बदल नेमका कसा केला जातो हे पाहिल्यावर त्यातील अडचण स्पष्ट होते. कोटाचे चित्र वेगळ्या स्तरावर, म्हणजे फोटोशॉपसारख्या प्रणालीत ज्याला लेअर म्हणतात त्यावर, साठवलेले असते आणि त्याच्या कॉलरच्या आतील भाग रिकामा ठेवलेला असतो. ऑपरेटर प्रथम व्यक्तीचे डोके व मान मूळ पार्श्वभूमीतून कापून घेतो, नंतर ते कोटाच्या रिकाम्या कॉलरमध्ये बसेल इतके लहान-मोठे करतो, आणि तरीही मान कॉलरपेक्षा रुंद दिसत असेल तर मानेच्या कडा आत दाबतो किंवा पुसतो. डोके किंचित वळलेले असेल आणि कोट अगदी समोरून टिपलेला असेल तर डोके सरळ फिरवले जाते. मान आणि कॉलर यांचा सांधा दिसू नये म्हणून कडा धूसर केल्या जातात, आणि मानेचा रंग चेहऱ्याशी जुळावा म्हणून बहुधा संपूर्ण त्वचेवरच गुळगुळीत करणारा हात फिरवला जातो. त्यामुळे ग्राहकाने केवळ कपडे बदलून मागितलेले असले, तरी प्रत्यक्षात हनुवटीची रेषा, मानेची जाडी, कानांच्या व केसांच्या कडा आणि त्वचेवरील खुणा या सगळ्यांना थोडा-थोडा धक्का बसलेला असतो.

याच गोष्टी ओळख पटवण्यासाठी लागतात. पासपोर्टवरील छायाचित्राचे निकष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, आपल्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात ठरवून दिलेले आहेत, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशांतील भारतीय वकिलातींनी पासपोर्टच्या अर्जांसाठी या निकषांत बसणारेच छायाचित्र स्वीकारण्यास सुरुवात केली आहे. त्या नियमांनुसार छायाचित्र रंगीत व पांढऱ्या पार्श्वभूमीवर असावे, त्याचा आकार ६३० गुणिले ८१० चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, असावा, चेहऱ्याने छायाचित्राचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला असावा आणि संगणकाच्या साहाय्याने त्यात फेरफार केलेला नसावा.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला तर चिकटवलेल्या कोटाचा सगळा खटाटोप किती निष्फळ आहे ते कळते. ८१० चित्रबिंदूंच्या उंचीपैकी ८२ टक्के उंची डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या भागाने घेतली असे धरले, तर त्यासाठी सुमारे ६६४ चित्रबिंदू खर्च होतात आणि १४६ उरतात. त्यांपैकी ६० चित्रबिंदूंची मोकळी जागा माथ्याच्या वर सोडली, तर हनुवटीच्या खाली मान, कॉलर, टाय आणि कोट या सगळ्यांसाठी मिळून ८६ चित्रबिंदू शिल्लक राहतात. हेच छायाचित्र ४५ मिलीमीटर उंचीचे छापले तर एका मिलीमीटरला १८ चित्रबिंदू पडतात, म्हणजे ही पट्टी जेमतेम पावणेपाच मिलीमीटरची भरते. तिच्यात टायची गाठसुद्धा धड मावत नाही. कोटामुळे मिळणारी प्रतिष्ठा या आकारात कोणाला दिसतच नाही, आणि त्या कोटासाठी केलेली काटछाट मात्र नेमकी हनुवटीला लागून, म्हणजे तपासनिसाची नजर आणि यंत्राची मोजणी जिथे सर्वांत काटेकोर असते तिथे, येऊन बसते.

असा फेरफार ओळखायला फार मोठी साधने लागत नाहीत. छायाचित्र पडद्यावर तीन-चारपट मोठे केले की मानेभोवती एक फिकट किंवा काळपट कडा दिसते, जी जुन्या पार्श्वभूमीचा उरलेला अंश असते. चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडलेला असतो आणि कोटाच्या खांद्यावर उजवीकडून, किंवा हनुवटीची सावली मानेवर पडून कॉलरच्या रेषेशी अचानक तुटते. चेहरा मोबाइलने टिपलेला असेल तर त्यात बारीक रवा असतो आणि कोट मात्र स्वच्छ व तीक्ष्ण असतो. कॉलरची दोन्ही टोके आरशात पाहावीत इतकी सारखी असतात, जे खऱ्या अंगावरच्या कॉलरबाबत क्वचितच घडते. याहून ठळक खूण म्हणजे एकाच स्टुडिओतून आलेल्या अनेक अर्जदारांच्या अंगावर त्याच घडीचा तोच कोट आणि त्याच गाठीचा तोच टाय असतो, आणि ही पुनरुक्ती कागद हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागत नाही.

कपड्यांचा बदल निरुपद्रवी असताना सगळ्याच फेरफारांवर सरसकट बंदी कशासाठी, असा आक्षेप स्टुडिओचालक घेतात आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर चेहऱ्यांच्या मिश्रणात सापडते, ज्याला तंत्रज्ञ मॉर्फिंग म्हणतात. दोन व्यक्तींचे चेहरे एकमेकांत मिसळून तयार केलेले छायाचित्र पासपोर्टवर लागले, तर त्या एका पासपोर्टवर दोघांनाही सीमा ओलांडता येण्याची शक्यता निर्माण होते, हे इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. जर्मनीने तर १ मे २०२५ पासून नागरिकांकडून कागदी छायाचित्रे घेणे बंद केले असून छायाचित्रे आता एकतर कार्यालयातच टिपली जातात किंवा छायाचित्रकाराकडून सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयाकडे पाठवली जातात. कापलेल्या कडा, धूसर केलेली त्वचा आणि वेगवेगळ्या स्रोतांतून आलेला रवा या खुणा कोट चिकटवलेल्या छायाचित्रातही असतात आणि मिश्रित छायाचित्रातही असू शकतात, त्यामुळे तपासणाऱ्याला अर्जदाराचा हेतू छायाचित्रावरून ठरवता येत नाही. भिवंडीच्या प्रामाणिक यंत्रमाग कामगाराने अशा संशयाच्या रांगेत उभे राहावे, तेही पावणेपाच मिलीमीटरच्या कापडासाठी, हे खेदाचे आहे.

या शहरात प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक नाजूक आहे. बुरखा, हिजाब किंवा डोक्यावरून पदर घेणाऱ्या स्त्रिया छायाचित्रासाठी येतात तेव्हा डोके झाकलेले चालणार नाही अशा समजुतीने काही ठिकाणी ओढणी संगणकावर पुसून तिथे कल्पनेने केस व कान रंगवले जातात. यात स्त्रीच्या इच्छेचा अवमान होतो आणि छायाचित्रही निरुपयोगी ठरते, कारण रंगवलेले कान तिचे नसतात. वर उल्लेखलेल्या नियमांत धार्मिक कारणासाठी डोके झाकण्यास मुभा आहे, अट इतकीच की हनुवटीच्या खालच्या टोकापासून कपाळाच्या वरच्या टोकापर्यंतचा चेहरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत व चेहऱ्यावर सावली पडता कामा नये. गडद रंगाची ओढणी कपाळाच्या वर सरकवून कानशिलांमागे टाचणीने बसवली की हे दोन मिनिटांत साधते.

पुरुषांच्या बाबतीतही उपाय कॅमेऱ्याच्या अलीकडचाच आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा सदरा किंवा कुर्ता घातला की खांद्यांच्या कडा नाहीशा होतात आणि पांढरी टोपी असेल तर माथ्याची रेषाही पुसली जाते, म्हणून निळा, तपकिरी किंवा हिरवा असा गडद, एकरंगी, कॉलरचा शर्ट सर्वांत सोयीचा ठरतो. स्टुडिओने लहान, मध्यम आणि मोठ्या मापाचे असे धुतलेले काही शर्ट खुंटीवर ठेवले, तर थेट कामावरून आलेल्या ग्राहकाची अडचण तिथेच सुटते. पाळीवरून आलेल्याला तोंड धुवायला पाणी द्यावे, पार्श्वभूमीपासून हातभर पुढे बसवावे म्हणजे मागे सावली पडत नाही, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा आणि उजेड दोन्ही बाजूंनी सारखा पडेल असे पाहावे. त्यानंतर छायाचित्र योग्य मापात कापणे, किंचित तिरके असल्यास सरळ करणे, त्याचा रंग डोळ्यांना दिसला तसा जुळवणे आणि फाइल मागितलेल्या आकारात आणणे एवढीच कामे संगणकावर करावीत. कपडा, त्वचा, केस आणि पार्श्वभूमी यांना हात लावावा लागत असेल, तर छायाचित्र पुन्हा काढावे.

पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्या प्रौढांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की भारतातील पासपोर्ट सेवा केंद्रात छायाचित्र तिथल्या खिडकीवरच टिपले जाते, त्यामुळे त्यासाठी स्टुडिओत पैसे खर्च करण्याची गरज नसते आणि त्या दिवशी अंगावर जो शर्ट असेल तोच पासपोर्टवर येतो. चार वर्षांखालील मुलाचे छायाचित्र मात्र पालकांना सोबत न्यावे लागते, आणि ते साडेचार गुणिले साडेतीन सेंटिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे असावे लागते. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून, रंगीत झबले घालून, वरून छायाचित्र काढता येते, फक्त त्यात आईचा हात येता कामा नये. स्टुडिओत जाणाऱ्या प्रत्येकाने कोणता कोट मिळेल हे विचारण्याऐवजी कॅमेऱ्यातील मूळ, न बदललेली फाइल मागून घ्यावी आणि छापील प्रतींबरोबर ती स्वतःजवळ जपून ठेवावी.