आकस नको, तारखा लिहा

माझ्या भाचीला यंदा अप्रेझलमध्ये पाचपैकी दोन रेटिंग मिळालं. त्याच रात्री तिनं एचआरला पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, ‘मॅनेजरनी आकसानं मला कमी रेटिंग दिलं.’

मी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली आहेत. असं वाक्य आलं की रेटिंग बाजूला पडतं आणि आकसाची चौकशी सुरू होते. आकस कागदावर सापडत नाही. ‘आरोपाला पुरावा नाही’ असा शेरा पडतो आणि प्रकरण मिटतं. शिवाय ते वाक्य चुकीचंही असू शकतं. अनेक कंपन्यांत मॅनेजरनं दिलेलं रेटिंग पुढे विभागाच्या बैठकीत बेल कर्व्हमध्ये बसवताना खाली येतं.

“मला फक्त तारखा सांग,” मी म्हटलं. मग खरी गोष्ट बाहेर आली. एप्रिलमध्ये तिची उद्दिष्टं, म्हणजे केआरए, ठरले. 1 नोव्हेंबरला ती दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली. काम बदललं, मॅनेजर बदलले, सिस्टीममधले केआरए मात्र जुनेच राहिले. वर्षअखेर नव्या मॅनेजरनी त्यांवरच रेटिंग दिलं. पहिले सात महिने तिचं काम पाहिलेल्या मॅनेजरांना कुणी विचारलंच नव्हतं.

पत्राचा गाभा मग असा झाला:

‘केआरए 3 नुसार महिन्याला 40 तिकिटं निकाली काढायची होती. एप्रिल ते ऑक्टोबर माझी सरासरी 46 होती. 1 नोव्हेंबरपासून हे काम माझ्याकडे नाही. मासिक अहवाल आणि बदलीची ईमेल सोबत जोडली आहे. रेटिंगच्या शेऱ्यात “तिकिटांचं उद्दिष्ट अपूर्ण” असं म्हटलं आहे. हा शेरा कोणत्या महिन्यांच्या आकड्यांवरून दिला, ते कृपया कळवावं. आधीच्या मॅनेजरांचा अभिप्राय घेऊन या केआरएचं मूल्यमापन पुन्हा करावं, ही विनंती.’

‘शेजारच्या टेबलावरच्या मुलाला चार मिळाले’ हे वाक्य मी काढायला लावलं. दुसऱ्याचं रेटिंग गोपनीय असतं, आणि ते तुम्हाला कसं कळलं यावरच चर्चा घसरते. उलट, तिचं एक प्रशिक्षण अपूर्ण राहिलं होतं, ते तिला स्वतःहून लिहायला सांगितलं. ती कुरकुरली. पण एचआर फाइल उघडणार आणि त्यांना ते दिसणारच. आपणच सांगितलेलं असलं की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

सिस्टीममध्ये तिला रेटिंग ‘पाहिलं’ म्हणून बटण दाबायचं होतं. शेरा न लिहिता ते दाबलं, तर पुढे संमती म्हणून दाखवलं जाऊ शकतं. तिनं रकान्यात लिहिलं, ‘रेटिंग पाहिलं, मान्य नाही, पत्र स्वतंत्र पाठवत आहे.’ तिच्या कंपनीत हरकतीला पंधरा दिवस मिळतात. पत्र नवव्या दिवशी गेलं.