मेणावर कोरलेला आवाज

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये बनवलेल्या पहिल्या फोनोग्राफमध्ये आवाज कथलाच्या पातळ वर्खावर उमटत असे. काही वेळा वाजवला की तो वर्ख निकामी होई. १८८० च्या दशकात त्याची जागा मेणाने घेतली. चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेन्टर यांनी पुठ्ठ्याच्या नळीवर मेणाचा थर चढवला, तर एडिसनने पुढे सबंध दंडगोलच मेणासारख्या पदार्थाचा ओतला. रसायनदृष्ट्या तो बराचसा साबणाच्या जातीचा होता.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक कर्ण्याच्या रुंद तोंडाशी उभा राही. कर्ण्याच्या अरुंद टोकाला काचेची किंवा अभ्रकाची पातळ चकती बसवलेली असे. आवाजाच्या लाटांनी ती थरथरे आणि तिला जोडलेले नीलमण्याचे बारीक पाते फिरत्या मेणात खालीवर होत खाचर कापत जाई. आवाज जोरकस असेल तर खोलीतला चढउतार मोठा होई. पाते आडवे पुढे सरकवण्याचे काम आटे असलेला दांडा करी. एका इंचात १०० वेढे बसत. मिनिटाला १६० फेरे या वेगाने दंडगोल जेमतेम दोन-अडीच मिनिटांत संपे. वाजवताना धारदार पात्याऐवजी बोथट टोक त्याच खाचरातून फिरे. चकती पुन्हा थरथरे आणि कर्ण्यातून आवाज बाहेर येई.

या साऱ्यात आवाज मोठा करणारे काहीच नव्हते. मेण कापण्याचे बळ गायकाच्या श्वासातूनच यावे लागे, ही या तंत्राची खरी मर्यादा. हळुवार स्वर खरखरीत बुडून जात. फार मोठा आवाज पात्याला उसळवी आणि वाजवताना तो फाटल्यासारखा ऐकू येई. खर्जाचे नाद आणि ‘स’सारखी तीक्ष्ण व्यंजने जवळपास नाहीशीच होत. मेण थंड असले तर ते नीट कापले न जाता त्याचे कपचे उडत, म्हणून मुद्रणाआधी ते किंचित गरम करत.

तरीही हे यंत्र उचलून नेता येत होते, हा त्याचा मोठा गुण. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हा अमेरिकन अभ्यासक मेन राज्यातील कॅलेसला गेला आणि तिथे त्याने पासामाक्वॉडी लोकांची गाणी व कथा मेणावर घेतल्या. एखाद्या जमातीच्या वस्तीजवळ जाऊन केलेले हे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण. इतक्या थोड्या वेळात लांब कथा मावत नसे. ती तोडून अनेक दंडगोलांवर घ्यावी लागे. मूळ वेग चुकला की स्वराची पट्टी आणि लय दोन्ही बदलत. म्हणून पुढचे अनेक संग्राहक सुरुवातीला ठरावीक सुराची शिट्टी फुंकत. तो सूर जुळवला की मूळ वेग सापडे.

प्रत्येक वाजवणीत टोक मेण थोडे झिजवी आणि दमट हवेत त्याला बुरशी लागे. व्यापारी दंडगोलांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. १९०२ च्या सुमारास साच्यातून प्रती काढण्याची पद्धत रुळेपर्यंत गायकांना अनेक यंत्रांसमोर तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे. फ्यूक्सचे दंडगोल आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.