खोली नंबर सातचं काय करायचं?

मुलांनो, शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही घरोघरी जाऊन माहिती गोळा केली असेल. गल्लीत झाडं किती, सायकली किती, हे विचारणं सोपं असतं. पण ‘काका, गेल्या महिन्यात तुमच्या घरात एकूण किती खर्च झाला?’ असं एकदा विचारून बघा! कुणी ‘तुझ्या काकूला विचार’ म्हणून वर्तमानपत्रात डोकं घालतं, कुणी अंदाजाने काहीतरी सांगून टाकतं, तर एखाद्या घरी हिशेबाची वहीच पुढे येते.

समजा, एका चाळीतल्या दहा बिऱ्हाडांत फिरून तुम्ही असे आकडे जमवले. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले, तर ते असे दिसतात (सगळे रुपयांत):

९,०००, १४,०००, १६,०००, १७,०००, १८,०००, १९,०००, २१,०००, २३,०००, २८,००० आणि १,८५,०००.

शेवटचा आकडा खोली नंबर सातचा. आता सरासरी काढा. बेरीज ३,५०,०००, भागिले १०, म्हणजे ३५,०००. गणित बरोबर आहे, पण उत्तर मात्र विचित्र. दहापैकी नऊ घरांचा खर्च २८,००० किंवा त्याहून कमी आहे, आणि आपण म्हणतोय की इथे एका घराला सरासरी ३५,००० लागतात! एकट्या खोली नंबर सातने सगळ्या चाळीची सरासरी वर ओढली. बाकीच्यांपासून असा फटकून बसलेला जो आकडा असतो, त्याला संख्याशास्त्रात आउटलायर म्हणतात.

बहुतेकांना पहिली युक्ती सुचते ती खोडरबराची. तो आकडा काढून टाका! मग उरलेल्या नऊ घरांची बेरीज १,६५,०००, भागिले ९, सरासरी सुमारे १८,३३३. छान, समंजस उत्तर आलं. प्रश्न मिटला?

नाही मिटला. एक तर चाळीत घरं दहा आहेत आणि तुमच्या वहीत उरली नऊ. दुसरं म्हणजे, हे खोडणं थांबवायचं कुठे? १,८५,००० गेल्यावर २८,००० उगाच मोठा दिसायला लागतो. तोही काढला, तर २३,००० टोकाला येतो. कांदा सोलत बसावं तसं होतं, दर वेळी नवीन टोक. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खोली नंबर सात भरपूर खर्च करते, एवढं तरी आपल्याला कळलं होतं. खोडल्यावर तेही हातातून गेलं.

मग दुसरी युक्ती बघू. चार्ल्स विन्सर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. शिकले इंजिनिअरिंग, पण पुढे वळले जीवशास्त्रातल्या संख्याशास्त्राकडे. १९५१ साली ते वारले. त्यांचे सहकारी जॉन ट्यूकी यांनी या युक्तीला त्यांचंच नाव दिलं. (हेच ते ट्यूकी, ज्यांनी संगणकातला ‘बिट’ हा शब्द सुचवला, बरं का!) त्यावरून या रीतीला विन्सरायझिंग म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम अगदी साधं आहे.

आकडे ओळीत लावायचे. दोन्ही टोकांचे किती आकडे बदलायचे ते ठरवायचं. आपण दहापैकी एकेक धरू. मग टोकाचा आकडा खोडायचा नाही, तर त्याला शेजाऱ्याच्या जागेवर आणून बसवायचं. १,८५,०००च्या शेजारी २८,००० आहे, म्हणून तिथे २८,००० लिहायचं. दुसऱ्या टोकाला ९,०००च्या शेजारी १४,००० आहे, म्हणून तिथे १४,०००. आता बेरीज होते १,९८,००० आणि घरं पूर्ण दहा. सरासरी १९,८००.

यात काय घडलं ते नीट पाहा. खोडताना आपण म्हणत होतो, ‘हे घर नाहीच.’ इथे आपण म्हणतोय, ‘हे घर आहे, जास्त खर्च करणाऱ्यांत आहे, फक्त नेमका आकडा किती यावर माझा भरवसा नाही.’ रांगेतली त्याची जागा वरच्या टोकाला तशीच राहिली. खोली नंबर सातने १,८५,०००ऐवजी तीन लाख सांगितले असते किंवा चाळीस हजार सांगितले असते, तरी सरासरी १९,८००च आली असती. एका घराला सगळ्या चाळीची सरासरी हवी तशी ओढता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग नेहमी हीच युक्ती वापरावी. थांबा! त्याआधी एक काम राहिलंय, आणि ते पेन्सिलीने होत नाही, चपला घालून करावं लागतं. खोली नंबर सातचं दार पुन्हा वाजवायचं.

दार उघडल्यावर काय ऐकायला मिळेल? एक शक्यता अशी की काकू हसून म्हणतील, ‘अरे, साडेअठरा हजार सांगितले होते मी!’ तुमच्या मित्राने घाईत एक शून्य जास्त लिहिलं. असं असेल तर खोडायचंही नाही आणि विन्सरायझिंगही करायचं नाही, सरळ १८,५०० लिहायचे. मग साधी सरासरी येते १८,३५०. चूक दुरुस्त करता येत असताना तिला २८,००० करून ठेवणं म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी, जरा सभ्य दिसणारी चूक बसवणं.

दुसरी शक्यता, काकांचं किराणा मालाचं दुकान आहे आणि त्यांनी दुकानात भरलेला मालही खर्चात धरला. हा घरखर्चच नव्हे. घराचा आकडा वेगळा करून मागायचा. काहीच करून मिळाला नाही, तर मात्र खोडणं योग्य, कारण तो आकडा आपल्या प्रश्नाचं उत्तरच नाही. आणि ‘दहापैकी नऊच घरांची सरासरी’ असं शेजारी स्पष्ट लिहायचं.

तिसरी शक्यता जरा गंभीर आहे. गेल्या महिन्यात आजोबांचं ऑपरेशन झालं. नेहमीचा खर्च २५,००० आणि दवाखान्याचे १,६०,०००. म्हणजे आकडा अगदी खरा आहे! आता तो खोडलात तर काय होईल? या महिन्यात आजारपण सातव्या खोलीत आलं, पुढच्या महिन्यात कदाचित दुसऱ्या खोलीत येईल. प्रत्येक चाळीत असं एखादं घर असतंच. प्रत्येक वेळी तेच घर ‘विचित्र’ म्हणून वगळलं, तर शेवटी वहीवरून असं दिसेल की आजारपणाला कुणाचे पैसेच लागत नाहीत. ज्या घराने कर्ज काढून बिल भरलं, नेमकं तेच घर पाहणीतून गायब!

विन्सरायझिंगने हा अन्याय कमी होतो, पूर्ण टळत नाही. दहा घरांनी मिळून खरोखर ३,५०,००० खर्च केले. १९,८०० गुणिले १० केले तर १,९८,०००च होतात. म्हणजे दीड लाखाहून जास्त रक्कम हिशेबातून गळाली. म्हणून ‘चाळीचा एकूण खर्च किती’ असा प्रश्न असेल, तर खरे आकडे जसेच्या तसे घ्यावे लागतात. ‘साधारण एका घराला किती लागतात’ असा प्रश्न असेल, तरच १९,८०० कामाचे.

खरं तर अशा वेळी आपण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. ऑपरेशन, फ्रिज, वर्षाची पुस्तकं आणि गणवेश हे खर्च दर महिन्याला येतच नाहीत. गेल्या महिन्याचं विचारलं की ज्याच्याकडे ते नेमके त्या महिन्यात आले, तो टोकाला जाऊन बसतो. आपल्या देशात राष्ट्रीय नमुना पाहणीची माणसं घरखर्च विचारायला येतात, तेव्हा त्यांनी यावर तोड काढलेली असते. २०२२-२३ सालच्या पाहणीत भाजी, फळं, दूध नव्हे पण तेल, अंडी, मसाले यांचा खर्च गेल्या ७ दिवसांचा विचारला. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च आणि टिकाऊ वस्तू यांचा गेल्या ३६५ दिवसांचा. आणि धान्य, दूध, भाडं अशा बाकीच्यांचा ३० दिवसांचा. मग सगळं महिन्याच्या मापात आणलं.

आपणही तसं करू. १,६०,००० भागिले १२, म्हणजे सुमारे १३,३३३. नेहमीचे २५,००० मिळवले की खोली नंबर सातचा महिना ३८,३३३ रुपयांचा होतो. अजूनही सगळ्यात मोठाच, पण आता तो फटकून बसलेला नाही. कुणाला खोडायला नको, हलवायलाही नको. फक्त, वर्षाचा हा प्रश्न बाकीच्या नऊ घरांनाही विचारायला हवा. त्यांच्याकडेही कुणी दिवाळीत फ्रिज घेतलेला असेल, तो गेल्या महिन्याच्या आकड्यात दिसणार नाही.

बरं, दारच बंद आहे, मंडळी गावाला गेली आहेत आणि प्रकल्प सोमवारी द्यायचाय, असं झालं तर? तेव्हा विन्सरायझिंग करा. पण दोन पथ्यं पाळा. दोन्ही टोकांचे किती आकडे हलवायचे, ते उत्तर काढायच्या आधी ठरवा. आधी सरासरी बघून मग ‘एक हलवू की दोन’ असं केलंत, तर हवं ते उत्तर काढता येतं, आणि मोठी माणसंसुद्धा हा मोह टाळू शकत नाहीत. दुसरं, मूळ आकडा कधीच पुसू नका. शेजारी नवा रकाना आखा आणि दोन्ही सरासऱ्या लिहा. त्या जवळजवळ असतील तर काळजी नाही. ३५,००० आणि १९,८०० इतकं अंतर पडलं, तर आई गावाहून आलेल्या पत्राकडे बघते तशा नजरेने त्या टोकाच्या घराकडे बघा. तिथे काहीतरी बातमी आहे.

आता दुसऱ्या टोकाचे ते ९,०००, ज्यांना आपण न विचारताच १४,००० करून टाकलं! ती खोली नंबर तीन. तिथे आजी एकट्याच राहतात. आणि २८,००० वाली खोली नंबर पाच? तिथे माणसं आहेत सात. माणशी खर्च काढून बघा: आजींचे ९,०००, खोली नंबर पाचचे फक्त ४,०००. राष्ट्रीय पाहणीतही सरासरी देतात ती माणशीच; २०२३-२४ साली ती खेड्यांत महिन्याला ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये निघाली होती. म्हणजे घराप्रमाणे ओळ लावली तेव्हा आजी सगळ्यांच्या खाली होत्या, आणि माणशी ओळ लावली की त्या खोली नंबर पाचच्या वर जाऊन बसतात. उरलेल्या आठ खोल्यांत माणसं किती, ते मात्र वहीत लिहूनच घेतलेलं नाही.