जलरंग घेताना आधी ट्यूबची पाठ वाचा

बारा-चोवीस रंगांचा संच नवशिक्याने घेऊच नये. अल्ट्रामरीन निळा, एक पिवळा, एक लाल आणि बर्न्ट सिएना अशा चार सुट्या ट्यूब पुरतात. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो. अल्ट्रामरीनवर ‘पीबी २९’ एवढाच असेल तर रंग एकाच द्रव्याचा, मिश्रणात सहसा मळत नाही. हे द्रव्य स्वस्त असल्याने विन्सर अँड न्यूटनच्या विद्यार्थी श्रेणीतल्या कॉटमनमध्येही ते चांगलं मिळतं. कॅडमियम महाग; तिथे नावापुढे ‘ह्यू’ दिसलं की पर्यायी द्रव्य समजावं. व्हाइट नाइट्स या ब्रँडचे रंग व्यावसायिक दर्जाचे, तरी तुलनेने स्वस्त.

ब्रश एकच, आठ नंबरचा गोल सिंथेटिक. नव्या ब्रशचं टोक डिंकाने जुळवलेलं असतं, म्हणून तो पाण्यात धुऊन झटकावा. टोक पुन्हा जुळलं तरच घ्यावा.