भोसरीचा काय गुन्हा?

‘फिल्टरने अडवलंय ना? मग काहीतरी अचकटविचकट लिहिलं असणारच.’ हिंजवडीत रहिवासी संघटनेचं, ट्रॅफिकच्या तक्रारींचं किंवा एखाद्या खानावळीचं फेसबुक पान सांभाळणाऱ्या कुणाशीही बोला, हे वाक्य ऐकू येतं. बोलणारा बहुतेक वेळा इंजिनिअर असतो. दिवसभर दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो आणि संध्याकाळी स्वतःच बनवलेल्या शब्दयादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ‘चुकीचं अडलं असतं तर कुणीतरी तक्रार केली असती की’ हा त्याचा पुढचा मुद्दा ठरलेला.

तक्रार येणार कुठून? फेसबुकच्या पानावर लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, बाकी जगाला दिसत नाही. आपलं म्हणणं अडकलंय हे त्या माणसाच्या गावीही नसतं. कुणी उत्तर का देत नाही एवढंच त्याला कळत नाही. तेव्हा तक्रारी येत नाहीत यावरून फिल्टर बरोबर चाललाय असं मुळीच ठरत नाही.

आता फिल्टर नेमकं काय करतो ते पाहू. शब्दयादीच्या फिल्टरला अर्थ कळत नाही. तो अक्षरांची एक माळ घेतो आणि ती मजकुरात कुठे सापडते का ते पाहतो. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातं उघडू दिलं नव्हतं, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अश्लील इंग्रजी शब्द बसतो. कंपनीने गावाचं स्पेलिंगच तात्पुरतं बदलून वेळ मारून नेली. तेव्हापासून या चुकीला त्या गावाचंच नाव पडलंय.

आपलं स्कन्थॉर्प म्हणजे भोसरी. एमआयडीसीचं भोसरी. हिंदीतली एक नेहमीची शिवी रोमन लिपीत लिहिताना लोक त्यातल्या ‘ड़’साठी कधी d तर कधी r वापरतात. r वापरला की शिवी आणि आपलं गाव यांच्यात फक्त एका a चा फरक उरतो. हिंजवडीच्या पानांवर अर्धे लोक रोमनमध्येच लिहितात आणि तो a सर्रास गाळतात. त्यातून एखाद्या उत्साही ॲडमिनने सगळी रूपं एकदम पकडायची म्हणून यादीत नुसतं bhos हे चार अक्षरी मूळ टाकलेलं असतं. मग भोसरी जातेच, पण महाराष्ट्रातले तमाम भोसलेही जातात. शिवाजी महाराजांचं आडनाव अश्लील ठरवणारी यादी आपण स्वतःच्या हाताने तयार केली, हे त्या ॲडमिनच्या लक्षातही येत नाही.

देवनागरीत लिहिलं तर सुटका होते? नाही. ‘इंग्लंड’ आणि ‘लंडन’ ही नावं सावकाश वाचून पाहा. ‘गांडूळखत’ या शब्दाचा सुरुवातीचा भाग पाहा. मसाल्यात ‘साला’ आहेच. क्रिकेट, परदेशी गेलेली मुलं, सोसायटीचा ओला कचरा आणि जेवण, एवढे विषय वगळून हिंजवडीत माणसं बोलणार तरी काय?

इथे इंजिनिअर मंडळी हसून म्हणतात, ‘अहो, पूर्ण शब्दच जुळवायचा. \b लावला की झालं.’ इंग्रजीपुरतं ते बरंच खरं आहे. मराठीत ते किती उलटं पडतं हे पाहायचं असेल तर पायथनमध्ये एवढं चालवून बघा:

```
import re
p = re.compile(r"\bसाला\b")
print(bool(p.search("सालाबादप्रमाणे यंदाही उत्सव")))  # True
print(bool(p.search("काय साला माणूस आहे")))           # False
```

निमंत्रणपत्रिका अडली आणि शिवी सुटली! याचं कारण असं की पायथनचं re काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना ‘अक्षर’ मानत नाही. त्याच्या लेखी ‘साला’ हा शब्द शेवटच्या ‘ल’पाशी संपतो आणि त्यापुढचा काना हे जणू विरामचिन्ह असतं. शब्दाची सीमा अक्षर आणि अक्षर-नसलेलं यांच्या मध्ये पडते. ‘सालाबाद’मध्ये कान्यापुढे ‘ब’ येतो, म्हणून तिथे सीमा सापडते. ‘साला माणूस’मध्ये कान्यापुढे मोकळी जागा आहे, दोन्हीही अक्षरं नव्हेत, म्हणून सीमाच नाही. गांडुळाचं हेच होतं, उकारामुळे. इंग्लंडमध्ये ‘ग’च्या हलन्त चिन्हानंतर नवा शब्द सुरू झाला असं या यंत्राला वाटतं. उपाय आहे, \b ऐवजी दोन्ही बाजूंना देवनागरी चिन्ह नसावं अशी अट घालायची:

```
(?<![\u0900-\u097F])साला(?![\u0900-\u097F])
```

पण मग प्रत्यय आडवे येतात. मराठीत शिवीलाही ‘ला’, ‘चा’, ‘नो’ लागतात आणि प्रत्यय लागलेली शिवी या अटीतून निसटते. म्हणून लोक पुन्हा नुसतं मूळ टाकतात आणि गाडी पुन्हा भोसरीला येऊन थांबते.

तेव्हा अडकलेला ढीग उपसणं चुकत नाही. यूट्यूबवर स्टुडिओतल्या कमेंटच्या विभागात Held for review या नावाखाली तो सापडतो. फेसबुकच्या पानावर पोस्टखाली क्रम Most relevant असा असेल तर तो All comments करा, मग लपवलेल्या कमेंट पुसट दिसतात. तिथे तीन टिंबांवर Unhide मिळतं. इन्स्टाग्रामवर कमेंटच्या तळाशी View hidden comments असतं.

उपसताना तारखेच्या क्रमाने एकेक वाचत बसू नका. कुठल्या शब्दामुळे अडली हे सहसा सांगितलं जात नाही, ते आपणच शोधायचं. सगळा मजकूर एका शीटमध्ये उतरवा, यादीतला एकेक शब्द घेऊन Ctrl+F मारा आणि कमेंट त्या शब्दाच्या नावाने गोळा करा. जी कमेंट यादीतल्या एकाही शब्दाला लागत नाही ती बहुधा तुमच्या यादीने अडवलेली नाही. ती त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या यंत्राला संशयास्पद वाटली असावी, आणि तुम्ही यादी कितीही सुधारली तरी तशा कमेंट येतच राहणार.

नमुन्यादाखल चार कमेंट घेऊ.

‘Bhosri varun phase 3 la 2 bus badlavya lagtat’ ही सरळ सोडायची. मात्र सोडून थांबायचं नाही. मूळ शब्द यादीतून काढून त्या जागी पूर्ण शिवी तिच्या पुढच्या ‘ke’सकट टाकायची, कारण हिंदीत ती बहुधा ‘ke’ घेऊनच येते आणि मराठीत गावापुढे ‘वरून’, ‘ला’, ‘त’ येतात. यूट्यूब आणि फेसबुक दोन्हीकडे यादीत शब्दसमूह टाकता येतो.

‘Bhosri ke paas bahut jam hai’ इथे तो उपाय आपटतो. हिंदी बोलणाऱ्याने गावापुढे ‘के’ लावला की यंत्राला फरक कळणं शक्य नाही. ही कमेंट हातानेच सोडायची, दर वेळी. असं लिहिणारा माणूस नेहमीचा असेल तर यूट्यूबवर त्याला Approved users मध्ये घाला, म्हणजे त्याचं पुढचं लिखाण अडत नाही.

‘सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्याचा वास येतोय, कमिटी झोपली आहे का?’ ही सोडायची. कमिटीला झोंबतं म्हणून ‘अडलीच आहे तर राहू दे’ असं करणारे ॲडमिन मी पाहिलेत. तो फिल्टरचा दोष नव्हे, तिथे ॲडमिनच फिल्टरच्या आड लपलेला असतो.

चौथी अवघड आहे. एक बाई लिहिते की भूमकर चौकात रिक्षावाल्याने मला अमुक म्हटलं, आणि तो शब्द जसाच्या तसा देते. इथे शिवी खरी आहे, पण ती कमेंटमधल्या कुणाला दिलेली नाही, घडलेलं सांगितलंय. माझ्या मते ही सोडावी. कुणी घरात मुलं वाचतात म्हणून कां कू करत असेल तर त्या बाईंना निरोप पाठवून शब्द फुल्या घालून बदलायला सांगावं. पण विचारल्याशिवाय गिळून टाकू नये. छळाची तक्रार करणारी माणसंच शिवी उद्धृत करतात, आणि नुसत्या शब्दयादीत छळणारा व तक्रार करणारी एकाच रांगेत उभे राहतात.

ढीग उपसून झाला की प्रत्येक शब्दापुढे दोन आकडे लिहा: किती खऱ्या शिव्या पकडल्या, किती निरपराध. ज्या शब्दाने निरपराधच जास्त धरले तो काढायचा किंवा लांबवून लिहायचा. ‘साला’ तर काढाच. तेवढ्याने कुणाची अब्रू जात नाही आणि मसाल्यावर चर्चा करता येते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. लपवली म्हणजे डिलीट झाली, हे खोटं; ‘बिल्डरने कमेंट उडवली’ म्हणून भांडायला जाण्याआधी ती कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून दिसते का ते पाहा. यादीतून शब्द काढला की आधी अडकलेल्या कमेंट आपोआप सुटतील, यावरही विसंबू नका. त्या हाताने सोडा. यादी जितकी लांब तितकं पान स्वच्छ, हेही खरं नाही; ज्याला शिवी द्यायचीच आहे तो मध्ये टिंब टाकतो, फुली टाकतो, आणि लांब यादीत अडकतात ते साधं लिहिणारे. आणि ‘सवड मिळाली की बघू, कुठे जातायत’ हे यूट्यूबपुरतं तरी महागात पडतं, कारण तिथे अडकलेली कमेंट ६० दिवसच ठेवतात. गणपतीत अडकलेली सालाबादप्रमाणेची कमेंट दिवाळीनंतर सोडायला जाल तर ती तिथे कदाचित नसेल.