फोनचे बटण ओळखणारे गणित

फोनवर ५ चे बटण दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात. पलीकडचे यंत्र या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेते आणि त्यातले साधारण २०५ तपासते. ७७० हर्ट्झ आहे का हे पाहण्यासाठी प्रत्येक नमुन्याला त्याच वारंवारतेच्या साइन लहरीच्या त्या क्षणीच्या किमतीने गुणून सगळे गुणाकार मिळवतात. सूर असेल तर धन-ऋण चिन्हे जुळतात आणि बेरीज वाढत जाते. नसेल तर धन-ऋण गुणाकार एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात.

पण सूर पाव आवर्तन पुढे सुरू झाला, तर तो असूनही साइनची बेरीज शून्याजवळ येते. नेमकी तेव्हा कोसाइनची बेरीज मोठी भरते. म्हणून दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवतात. मग सूर कुठूनही सुरू होवो, उत्तर जवळपास तेच येते.

नमुने किती घ्यायचे, हा खरा कळीचा प्रश्न. २०५ नमुन्यांत सुमारे ३९ हर्ट्झचा फरक कळतो, त्यामुळे ६९७ आणि ७७० वेगळे ओळखू येतात. पन्नासच घेतले तर ही मर्यादा १६० हर्ट्झवर जाते आणि एकाच सुराला दोन्ही बेरजा फुगतात.