तीन दिवसांपूर्वी बाबा कसे होते?

घरातला सत्तरी ओलांडलेला माणूस भलतेच बोलू लागला की घरचे आधी वयाकडे बोट दाखवतात. म्हातारचळ लागला म्हणतात. शहरात शिकायला गेलेला नातू मोबाइलवर वाचून 'डिमेन्शिया' म्हणतो. दोन्ही निदानांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: आता काय करणार, सांभाळायचे. पण भ्रम दोन-तीन दिवसांत सुरू झाला असेल, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. ते डिलिरियम असते. शरीरात दुसरीकडे काही बिघडले, एखादे औषध बाधले, लघवी अडली, साखर किंवा सोडियम घसरले, छातीत जंतुसंसर्ग झाला, की मेंदू असा गोंधळतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या चालीने येतो आणि तो मागे फिरवणारे औषध बहुतेक प्रकारांत नाही. डिलिरियमचे कारण सापडले तर माणूस बऱ्याचदा पूर्ववत होतो, नाही सापडले तर ते कारणच त्याचा जीव घेऊ शकते. म्हणून त्याच दिवशी हा फरक ओळखावा लागतो, आणि तो खाटेजवळ बसून ओळखता येतो. डोक्याचा स्कॅन हा फरक क्वचितच सांगतो.

सर्वांत जास्त चूक एका विशिष्ट माणसाबाबत होते. ज्याला थोडा विसर आधीपासून आहे आणि त्यावर डिलिरियम आले आहे, असा माणूस. आधीचा विसर सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे नवे सगळे त्याच खात्यावर मांडले जाते.

सेलू तालुक्यातल्या वालूरचे असे एक आजोबा घेऊ. ते एक माणूस नाहीत. या भागात वरचेवर दिसणाऱ्या रुग्णांवरून उभे केले आहेत. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, हयात कापूस-ज्वारीत गेलेली. दोन वर्षांपासून तेच तेच विचारतात, पैसे कुठे ठेवले ते विसरतात, पण स्वतःच्या हाताने जेवतात, पारावर जाऊन बसतात, माणसे ओळखतात. आता दिवसभर झोपून असतात. दिवेलागणीनंतर उठून वारलेल्या भावाला हाका मारतात, गोधडीवरून काहीतरी वेचतात, धोतर ओले करतात. थोरला मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, "त्यांचं दोन वर्षांपासून असंच आहे, डॉक्टर."

इथे माहिती कोणाकडून घ्यायची हे महत्त्वाचे. मुलगा खोटे बोलत नाही, पण तो दिवाळीला आणि पोळ्याला येतो. रोजचे जेवण वाढणारी सून वेगळे सांगते. तिला "कधीपासून?" एवढेच विचारले तर तीही म्हणेल, "बरेच दिवस झाले." म्हणून प्रश्न खुंटीला टांगावा लागतो. "ताई, गेल्या आठवडी बाजाराच्या दिवशी बाबा कसे होते? त्या दिवशी आपल्या हाताने जेवले का? पारावर गेले होते का?" मग उत्तर येते, "बाजारादिवशी गेले की. परवापासून असं करायलेत. सकाळी जरा बरे राहतात, रात्री काहीच कळंना त्यांना." या दोन वाक्यांत निदानाचा अर्धा भाग आला. बदल अचानक आहे आणि दिवसातून खालीवर होतो आहे.

उरलेला अर्धा भाग म्हणजे लक्ष. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या काळात आठवण जाते, पण समोरच्याकडे लक्ष देण्याची ताकद बरीचशी टिकून असते. डिलिरियममध्ये आधी लक्षच तुटते. अमेरिकेत शॅरन इनोये यांनी 1990 मध्ये मांडलेली तपासणीची पद्धत याच आधारावर उभी आहे. अचानक व खालीवर होणारा बदल आणि तुटलेले लक्ष या दोन गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला विस्कळीत बोलणे किंवा बदललेली जाग यांपैकी एक हवी. एडिंबरामध्ये अलास्डेअर मॅकलुलिच आणि सहकाऱ्यांनी पुढे याहून सुटसुटीत अशी '4AT' ही चाचणी बनवली. तिला साधारण दोन मिनिटे लागतात. तिच्यात जाग कशी आहे ते बघतात, वय, जन्मतारीख, ठिकाण व चालू साल विचारतात, महिने उलटे म्हणायला लावतात आणि बदल अचानक आहे का ते नोंदवतात. चार किंवा त्याहून जास्त गुण आले तर डिलिरियमची शंका घ्यायची.

ही चाचणी आपल्याकडे जशीच्या तशी लावली तर ती फसवते. ज्या पिढीची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजाने एक जून लिहिली, तिला जन्मतारीख आली नाही यावरून काय ठरवणार? साल विचारले तर शाबूत डोक्याचा शेतकरीही चाचरेल. डिसेंबरपासून मागे महिने म्हणणे त्याला कधीच जमले नसेल. पण चैत्र-वैशाख ते फाल्गुन त्याच्या तोंडी असतात आणि वार तर असतातच. म्हणून मी आधी सरळ म्हणून घेतो आणि मग मागे फिरवतो: शनिवार, शुक्रवार, गुरुवार. अशा बदलाने चाचणीचे अधिकृत गुण देता येत नाहीत हे खरे, तरी लक्ष किती टिकते ते उघड दिसते. तेही जमत नसेल तर हात हातात घ्यावा. "बाबा, मी 'बैल' म्हणलं की माझा हात दाबा, दुसऱ्या कशाला दाबू नका." मग तीन-तीन सेकंदांनी दहा शब्द सावकाश म्हणायचे, त्यात चार वेळा बैल. अतिदक्षता विभागात हीच परीक्षा इंग्रजी अक्षरांनी घेतात आणि दोनांपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष तुटले असे धरतात. माणूस बहिरा आहे का, हे मात्र सुरू करण्यापूर्वी बघून घ्यावे. ऐकू न येणारा माणूस या परीक्षेत हमखास नापास होतो.

उत्तर चुकले की बरोबर आले, यापेक्षा ते कसे आले हे मला अधिक सांगून जाते. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती तुमच्याकडे बघते, प्रश्न ऐकते, उत्तर सापडले नाही की बायकोकडे वळते किंवा झाकून नेते: "आता साल ठेवून काय करायचं आम्हाला?" हे बोलणे प्रश्नाला धरून आहे. आपले आजोबा शनिवार, शुक्रवार म्हणतात, मग नजर आढ्याकडे जाते. पुन्हा हाक मारली की "बैल सोडले का?" विचारतात आणि डोळे मिटतात. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतो, पण टिकत नाही.

डोळे मिटण्याकडेही नीट बघायला हवे. डिलिरियम म्हणजे आरडाओरडा, सलाइन उपटणे, असे चित्र लोकांच्या मनात असते. म्हाताऱ्या माणसांत त्याचा शांत प्रकार पुष्कळ आढळतो आणि तोच निसटतो. असा माणूस कोणाला त्रास देत नाही, हाक मारली तर 'हूं' म्हणतो, घास तोंडात धरून बसतो. घरचे म्हणतात थकलेत, दवाखान्यात म्हणतात झोप लागली आहे. पूर्वी पहाटे उठणारा माणूस दुपारी बारालाही जागा होत नसेल तर ती विश्रांती नव्हे.

निदान डिलिरियम ठरले की मग कारण शोधायचे. बोटाला लावून ऑक्सिजन, एका थेंबात साखर, ताप, रक्तदाब, नाडी आणि श्वासाची गती, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही असे या वयात धरता येत नाही. महिन्याभरात पडले होते का, हे विचारायचे. डोक्याला साधा मार लागूनही कवटीच्या आत हळूहळू रक्त साचते, आणि त्या शंकेसाठी मात्र स्कॅन हवाच.

आपल्या आजोबांचे हे सगळे ठीक निघते. मग पोटावर हात ठेवला की बेंबीखाली गोल, ताठ फुगवटा लागतो, दाबला की ते कण्हतात. मूत्राशय भरून तुडुंब आहे. धोतर ओले होत होते ते भान गेल्यामुळे नव्हे. भरलेल्या मूत्राशयातून लघवी ठिबकत होती. साधारण तीन-चारशे मिलिलिटरला माणसाला लघवीची जाणीव होते. इथे नळी घातल्यावर नऊशे मिलिलिटर निघते.

पण लघवी आत्ताच का अडली? प्रोस्टेट तर वर्षानुवर्षे वाढलेली आहे. सुनेला घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगितले. रक्तदाबाची गोळी जुनीच आहे. सोबत सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी निघाली. चार दिवसांपूर्वी नाक वाहत होते म्हणून मेडिकलवरून आणलेली. अशा गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असते. ते ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडवते. मेंदू लक्ष आणि आठवण यांसाठी हेच रसायन वापरतो, आणि मूत्राशयाचा स्नायू आवळायलाही तेच लागते. ज्यांना आधीच अल्झायमरसारखा विसर आहे, त्यांच्या मेंदूत ते मुळातच कमी पडत असते. त्याच गोळीतले नाक मोकळे करणारे फेनिलएफ्रिन मूत्राशयाचे तोंड आवळते. चाळिशीतल्या माणसाला जिने फक्त पेंग आणली असती, त्या गोळीने इथे डोके आणि लघवी दोन्ही एकदम अडवली.

गोळी बंद झाली, मूत्रपिंडांसाठी रक्त तपासले, सेलूच्या सरकारी दवाखान्यात दोन-तीन दिवस ठेवले. या मुक्कामात दोन गोष्टींची घाई होते आणि दोन्ही घातक आहेत. रात्री ओरडतात म्हणून झोपेचे इंजेक्शन आणि नळी ओढतात म्हणून हात खाटेला बांधणे. झोपेच्या गोळ्यांनी डिलिरियम लांबते, बांधल्याने भीती वाढते. खरी मदत साधी असते: ओळखीचे एकच माणूस रात्री जवळ, चष्मा डोळ्यांवर, दिवसा उजेड, रात्री अंधार, घोटघोट पाणी, शौचास झाली का याची विचारपूस, आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरवून चालवणे. लघवीची नळीसुद्धा गरज संपताच काढायची, कारण तीही माणसाला बेचैन करते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात जाग आणि लक्ष खालीवर होते, नसलेली माणसे किंवा जनावरे स्पष्ट दिसतात, चाल आखडते. तो दिसतो डिलिरियमसारखा, पण गोष्ट महिन्यांची असते. अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉल दिले तर तो ताठरतो, प्रसंगी दगावतो. साध्या स्मृतिभ्रंशातही संध्याकाळी घालमेल वाढते, पण ती रोजच्या ठरलेल्या वळणाची असते. सुनेला ती ओळखीची असते. ती "हे नवीन आहे" म्हणाली तर तिचे ऐकावे. आणि ठरवता येतच नसेल, तर डिलिरियम धरूनच कारण शोधावे.

तिसऱ्या रात्री आजोबा झोपले. पाचव्या दिवशी वार उलटे म्हणाले, एकदाच अडखळून. विसर तेवढाच राहिला. त्यालाही आता नाव देऊन टाका, असा मुलाचा आग्रह होता, पण त्या आठवड्यात स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नये. डिलिरियमची सावली कित्येक आठवडे, कधी महिने राहते. दोन-तीन महिन्यांनी परत बोलवायचे, तेव्हा बी12 आणि थायरॉइड तपासायचे. गावातलेच प्रश्न विचारायचे: घरापासून चक्रव्यूह बारवेकडे कसे जायचे, यंदा रानात काय पेरले, नाती किती. तेव्हाचे निदान खरे धरायचे. तोवर त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: सर्दीची व झोपेची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये, पूर्वी डिलिरियम झाले आहे. पुढे मोतीबिंदूचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन ठरले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी हे पान वाचायला हवे.